धागा: अन्नजाळ्याच्या आकृतीतला बाण नक्की कोणाकडून कोणाकडे?

श्वेता_मांजलपूर

नमस्कार मंडळी. मुलीच्या विज्ञानाच्या पुस्तकात अन्नजाळ्याची आकृती आहे आणि त्यावरून आमच्याकडे गेले दोन दिवस वाद पेटलाय. आकृती साधीच आहे. फोटो चढत नाहीये, म्हणून बाण लिहूनच देते:

गवत → नाकतोडा
गवत → उंदीर
गवत → ससा
नाकतोडा → बेडूक
बेडूक → साप
उंदीर → साप
उंदीर → गरुड
साप → गरुड
ससा → गरुड

लेकीचं म्हणणं असं: "आई, साप बेडकाला खातो. झडप साप घालतो. मग बाण सापाकडून बेडकाकडे हवा ना? बेडूक थोडाच सापाला खातो?" तिने चाचणीत सगळे बाण उलटे काढले. "या जाळ्यात किती साखळ्या आहेत?" याचं उत्तर तिने ४ लिहिलं, त्यावर बरोबरची खूण आहे. आकृतीचे मार्क मात्र पूर्ण गेले. आता ती म्हणते, बाण चूक तर उत्तर बरोबर कसं आलं? मला तरी पटवून देता येईना. तिच्या बाबांनी "पुस्तकात आहे तसं काढ" म्हणून हात झटकले.

रावपुऱ्याचा_राजू

ताई, छापण्यातली चूक असणार. हल्ली पुस्तकांत काय वाट्टेल ते छापतात. मागे आमच्या पुतण्याच्या पुस्तकात नकाशावर नदी उलटी वाहत होती. तुम्ही मंडळाला रीतसर पत्र टाका, पोच घ्या. मसुदा हवा असेल तर मी देतो.

ट्युशनवाली_मीनल

राजूभाऊ, पत्र नको, पुस्तक बरोबर आहे. 😀

श्वेताताई, दरवर्षी निम्मा वर्ग हेच विचारतो. मी मुलांना एवढंच सांगते की बाण घासाचा आहे, हाताचा नाही. हात तोंडाकडून ताटाकडे जातो, घास ताटातून तोंडाकडे येतो. आपण घास कुठे गेला ते काढतोय. बेडूक सापाच्या पोटात गेला, म्हणून बेडूक → साप.

लेकीला सांगा, प्रत्येक बाणाच्या जागी "च्या पोटात जातो" असं म्हणून वाचायचं. "गवत नाकतोड्याच्या पोटात जातं, नाकतोडा बेडकाच्या पोटात जातो." वाक्य वेडंवाकडं लागलं की बाण उलटा आहे असं समजायचं. "गरुड सापाच्या पोटात जातो" हे तिचं तिलाच खटकेल.

केदार_अलकापुरी

मीनलताईंचं बरोबर आहे, पण जरा पुढे जायला हवं. बाण म्हणजे ऊर्जा. मी इंजिनिअर माणूस, माझ्या डोळ्यांना हे सरळ ऊर्जेचं वाहणं दिसतं. सूर्यापासून गवतात, गवतातून नाकतोड्यात, असं करत गरुडापर्यंत. गरुड मेला की बुरशी आणि जिवाणू त्याला कुजवतात आणि ती ऊर्जा परत गवताला मिळते, म्हणजे वर्तुळ पूर्ण. त्यामुळे खरी आकृती काढायची तर गरुड → बुरशी → गवत हे बाणही हवेत. पुस्तकवाल्यांनी ते गाळलेत.

शिवाय बाण म्हणजे परिणामाची दिशासुद्धा. बेडूक कमी झाले तर साप कमी होणार, साप कमी झाले तर गरुड कमी होणार. बाणावरून बोट फिरवत जा, सगळे परिणाम मिळतात.

जुना_प्राध्यापक

विद्यापीठात प्राणिशास्त्र शिकवण्यात जन्म गेला, त्यामुळे राहवत नाही. मीनल यांचं "पोटात जातो" वाचन उत्तम. केदार, तुमचं पहिलं वाक्य सोळा आणे खरं. पुढच्या दोन गोष्टींवर बोलायला हवं, पण आधी मुलीच्या प्रश्नाचं उत्तर देतो, कारण प्रश्न फार चांगला आहे.

सगळे बाण उलटे काढूनही साखळ्या ४ च का आल्या? कारण सगळेच उलटले. रस्ते तेच राहिले, फक्त चालण्याची दिशा फिरली. मोजणी त्यामुळे बिघडत नाही, बिघडतो तो अर्थ. उलट्या आकृतीत गवतात तीन बाण शिरतात आणि बाहेर एकही निघत नाही. म्हणजे आकृती सांगते की गवत सगळ्यांना खातं आणि गवताला कोणी खात नाही. गरुडातून नुसते बाण निघतात, त्याच्यात काहीच शिरत नाही, म्हणजे गरुड उपाशी राहून जगतो. मार्क त्याचे गेले.

आता मोजणीची रीत सांगतो, ती बाण सुलटे असतानाच वापरायची. गवतावर १ लिहा. मग प्रत्येक प्राण्यावर, त्याच्यात ज्यांच्याकडून बाण शिरतात त्यांच्या आकड्यांची बेरीज लिहायची. नाकतोडा १, उंदीर १, ससा १. बेडकात फक्त नाकतोड्याकडून बाण येतो, म्हणून १. सापात बेडकाचा १ आणि उंदराचा १ येतो, म्हणून २. गरुडात उंदराचा १, सापाचे २ आणि सशाचा १, म्हणून ४. गरुडातून पुढे बाण नाही, त्यामुळे तिथे थांबायचं. साखळ्या ४. बोटाने रस्ते शोधत बसलं की एखादा निसटतो, या रीतीत निसटत नाही.

खरी गंमत एकच बाण चुकला तर होते. समजा तिने बाकी सगळे बरोबर काढून फक्त बेडूक आणि साप यांच्यातला उलटा काढला असता. मग सापावर फक्त उंदराचा १. बेडकावर नाकतोड्याचा १ आणि सापाचा १ मिळून २. बेडकातून बाहेर बाण नाही, म्हणजे दोन साखळ्या बेडकावरच संपल्या. गरुडावर उंदराचा १, सापाचा १, सशाचा १ असे ३. एकूण ५. उत्तर चुकलं, आणि वर बेडूक गरुडाच्या बरोबरीने जाळ्याच्या टोकाला जाऊन बसला.

यावरूनच तपासायची खूण मिळते. काढून झालं की ज्यांच्यातून एकही बाण निघत नाही अशांची नावं वाचायची. तिथे गरुडासारखंच कोणी असायला हवं. आणि ज्यांच्यात एकही बाण शिरत नाही तिथे वनस्पतीच असायला हवी. बेडूक किंवा नाकतोडा यांपैकी कुठल्याही यादीत सापडला तर जवळपास कुठेतरी बाण फिरलाय.

श्वेता_मांजलपूर

सर, खूप आभार! बेरीज करायची रीत लेकीला फारच आवडली, तिने वहीच्या मागे स्वतःचं जाळं काढून मोजायला घेतलंय. तिचा पुढचा प्रश्न: गरुड कितव्या पायरीवर? तिच्या मैत्रिणीने पाचवी लिहिलंय, हिने तिसरी.

ट्युशनवाली_मीनल

दोघी बरोबर! आणि चौथीसुद्धा बरोबर. गरुडाने सरळ उंदीर किंवा ससा उचलला तर गवत पहिली पायरी, उंदीर दुसरी, गरुड तिसरी. उंदीर खाल्लेला साप उचलला तर चौथी. बेडूक खाल्लेला साप उचलला तर पाचवी. साखळी एकटी असली तर पायरी पक्की असते, जाळ्यात पायरी रस्त्यावर ठरते. परीक्षेत "कोणत्या साखळीत" ते लिहून मग पायरी लिहायची, म्हणजे तपासणाऱ्याला मार्क कापता येत नाहीत.

केदार_अलकापुरी

मग यात माझा ऊर्जेचा मुद्दा अजून पक्का होतो. प्रत्येक पायरीला साधारण १० टक्के पुढे जातं असा ठोकताळा आहे. गवतात १०,००० एकक धरा. उंदरामार्गे गेलं तर उंदरात १,००० आणि गरुडात १००. बेडकामार्गे गेलं तर नाकतोड्यात १,०००, बेडकात १००, सापात १०, गरुडात १. म्हणजे त्याच गवतातून गरुडाला मिळणारं शंभर पटीने कमी. म्हणून सगळे बाण सारख्या जाडीचे काढणंच चूक. बाणाची जाडी त्यातून जाणाऱ्या ऊर्जेइतकी हवी.

जुना_प्राध्यापक

हिशोब छान केलात. १० टक्क्यांची कल्पना रेमंड लिंडेमनच्या १९४२ च्या लेखाशी जोडली जाते. अमेरिकेतल्या मिनेसोटातल्या सीडर बॉग नावाच्या लहानशा तळ्याचा अभ्यास करून त्याने ऊर्जेच्या भाषेत हे सगळं मांडलं. लेख छापून यायच्या आधीच तो गेला, वय अवघं २६.

पण १० हा ठोकताळाच समजायचा. उंदराचं रक्त गरम, त्याने खाल्लेल्यातलं बरंच शरीर ऊबदार ठेवण्यातच जळतं. नाकतोड्याला तो खर्च नाही, त्यामुळे खाल्लेल्यातला मोठा वाटा त्याच्या अंगात राहतो. तेव्हा तुमच्या आकड्यांत उंदराची बाजू झुकतं माप घेऊन बसली आहे. जाडीचे बाण संशोधक काढतातही, पण त्यासाठी कोण किती खातं ते मोजावं लागतं. शाळेच्या आकृतीतला बाण एवढंच सांगतो की "हे त्याचं खाणं आहे". किती, ते सांगत नाही.

आता वर्तुळाबद्दल. गरुड → बुरशी हा बाण बरोबर. खरं तर गवत, नाकतोडा, बेडूक, सगळ्यांकडूनच बुरशीकडे एकेक बाण हवा, कारण मरतात सगळेच. पुस्तकवाले तो गाळतात कारण आकृतीचा गुंता होतो. पण बुरशी → गवत हा बाण ऊर्जेचा नाही. बुरशीला मेलेल्या गरुडातून जी ऊर्जा मिळते ती ती स्वतः जगण्यात वापरते आणि उष्णता होऊन हवेत जाते. उकिरड्याच्या आत हात घातला तर कोमट लागतो, ती हीच. जमिनीत परत येतात ते नत्र, स्फुरद यांसारखे क्षार. गवत ते घेतं, पण गवताची ऊर्जा उन्हातून येते. क्षार फिरतात, ऊर्जा एकदा येते आणि निघून जाते. त्यामुळे तो बाण काढायचाच असेल तर तुटक रेषेचा किंवा वेगळ्या रंगाचा काढा. एकाच शाईने काढलात की वाचणाऱ्याला वाटतं गवत बुरशी खातं.

केदार_अलकापुरी

सर, मान्य आहे पण पूर्ण नाही. हरितद्रव्य नसलेल्या काही वनस्पती बुरशीकडूनच अन्न घेतात ना? काही ऑर्किडं तशी आहेत असं वाचलंय. मग तिथे बुरशी → वनस्पती हा बाण पक्क्या शाईचा झाला की नाही?

जुना_प्राध्यापक

झाला. 🙂 तिथे तुमचा बाण मी पक्क्या शाईने काढीन. पण ते गवत नव्हे. पुस्तकातल्या गवताला तो लागू नाही.

कारेलीबागचा_बंटी

काका, गांडुळाचं काय? कमाटीबागेत पावसानंतर साळुंक्या हिरवळीवर नुसत्या गांडुळं टिपत असतात. गांडूळ तर कुजलेलं खातं. म्हणजे कुजलेल्यातली ऊर्जा परत वर आलीच की.

जुना_प्राध्यापक

आली, आणि हे निरीक्षण माझ्या बऱ्याच विद्यार्थ्यांना सुचायचं नाही. गळलेली पानं → गांडूळ → साळुंकी, दोन्ही बाण पक्क्या शाईने. कुजण्याच्या वाटेने गेलेली ऊर्जा प्राण्यांकडे परत येऊ शकते. हिरव्या गवताकडे येत नाही, एवढाच फरक.

केदार, तुमचा परिणामाचा मुद्दा उरलाय. रात्री लिहितो, आता सौ. बोलावत आहेत.

वाडीतला_घुबडवेडा

हा धागा वाचून राहवेना. आकृतीतले बाण कोणी तरी कधी तरी पाहून ठरवलेले असतात, ते कसे ठरवतात ते आमच्या गल्लीत दिसतं. इथे एका जुन्या वाड्याच्या माळ्यावर गव्हाणी घुबडांची जोडी राहते. घुबड उंदीर अख्खा गिळतं, आणि केस आणि हाडं पचत नाहीत म्हणून काही तासांनी त्याची गोळी करून ओकतं. माळ्याखाली या गोळ्यांचा सडा पडलेला असतो. ताजी गोळी काळी, चकचकीत, अंगठ्याएवढी. सुकली की करडी होते आणि जुन्या गादीतल्या कापसासारखी सुटते.

ती कोमट पाण्यात भिजवून चिमट्याने सोडवली की आतून कवट्या निघतात. उंदराच्या कवटीला पुढचे दात नारिंगी-पिवळे, बाकदार, आणि त्यांच्यामागे मोठी मोकळी जागा, मग दाढा. चिचुंद्रीची कवटी लांबट, टोकदार आणि दात पांढरे, ओळीने लागलेले, मध्ये अशी मोकळी जागा नाही. एकदा समजलं की लहान मूलही वेगळं करतं.

म्हणजे एका गोळीतून दोन बाण मिळतात: उंदीर → घुबड आणि चिचुंद्री → घुबड. गंमत अशी की चिचुंद्री उंदरासारखी दिसली तरी ती झुरळं-किडे खाते. त्यामुळे झुरळ → चिचुंद्री → घुबड अशी वेगळीच साखळी निघते. "उंदीर" म्हणून एकाच चौकटीत दोघांना कोंबलं की ही साखळी नाहीशी होते.

आणि एक दुःखाची गोष्ट. गल्लीतल्या एका गोदामात उंदीर मारायच्या वड्या ठेवल्या होत्या, रक्त न गोठू देणाऱ्या औषधाच्या, ब्रोमाडियोलोनच्या. त्यानंतर जोडीतलं एक घुबड माळ्याखाली मेलेलं सापडलं. तपासणी कोणी केली नाही, त्यामुळे खात्रीने सांगत नाही. पण ते औषध खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही, काही दिवस सुस्त होऊन उघड्यावर फिरतो, आणि त्याच्या यकृतात औषध राहिलेलं असतं. असा उंदीर घुबडाला आयताच मिळतो. विषसुद्धा बाणाच्याच दिशेने जातं. उलट्या बाणांच्या आकृतीत बोट फिरवून बघा, घुबडापर्यंत विष पोचतच नाही.

रावपुऱ्याचा_राजू

बापरे. आमच्या दुकानात त्याच वड्या आहेत. मग ठेवायचं काय?

वाडीतला_घुबडवेडा

पिंजरा लावा, राजूभाऊ. पकडलेला उंदीर तरी विषारी नसतो. आणि वड्या ठेवल्याच असतील तर मेलेले उंदीर उकिरड्यावर न टाकता खोल पुरा, म्हणजे घार, कावळा, मांजर यांच्या तोंडी लागत नाहीत.

जुना_प्राध्यापक

घुबडवेडे, तुमच्या गोळ्यांवर एक अख्खा तास घेता येईल.

आता परिणाम. केदार म्हणतात, बाणावरून बोट फिरवा, परिणाम मिळतात. अर्धेच मिळतात. पुस्तकात हमखास प्रश्न असतो: "सगळे बेडूक नाहीसे झाले तर काय होईल?" याच आकृतीत करून बघू.

आधी बाणाच्या दिशेने. बेडूक → साप, म्हणजे सापाचं एक खाणं गेलं. सापात आणखी एक बाण शिरतो, उंदराचा. म्हणून साप उपाशी मरणार नाहीत, पण त्यांचा सगळा भार उंदरांवर पडेल. इथवर केदार यांचं बोट चालतं.

आता बाणाच्या उलट दिशेने. नाकतोड्यातून या आकृतीत एकच बाण निघतो, बेडकाकडे. बेडूक गेले की नाकतोड्याला खाणारं कोणीच उरलं नाही. नाकतोडे वाढतील. ते गवत खातात, म्हणून गवत कमी होईल. हा परिणाम बेडकाकडून नाकतोड्याकडे आणि तिथून गवताकडे गेला, बाणांच्या तोंडासमोरून उलटा. अन्न तुटल्याचा परिणाम बाणाबरोबर जातो, खाणारा गेल्याचा परिणाम बाणाविरुद्ध जातो. बाण स्वतः मात्र अन्नाचाच राहतो.

मग उंदरांचं काय? सापांचा भार वाढला म्हणून ते कमी होतील, आणि नाकतोड्यांनी गवत संपवलं म्हणूनही कमी होतील. पण साप मुळातच बेडकांवर जगणारे असतील तर बेडकांबरोबर सापच घटतील, आणि मग उंदीर वाढतील. इथे "साप" ही चौकट नडते. पाण्याकाठची दिवड मुख्यतः बेडूक आणि मासे खाते. धामण उंदरांवर चांगली जगते, बेडूकही खाते. चौकटीत दिवड बसवली तर उत्तर एक, धामण बसवली तर दुसरं.

ट्युशनवाली_मीनल

सर, हे सगळं खरं, पण दहावीच्या पेपरात दोन मार्कांना एवढं कुठे मावणार? मी मुलांना सांगते: "नाकतोडे वाढतील, गवत कमी होईल, सापांना उंदरांवर अवलंबून राहावं लागेल." तीन वाक्यं, पुढे जा. उंदरांबद्दल काही लिहू नका.

जुना_प्राध्यापक

पेपरापुरतं योग्य. फक्त एखाद्या मुलाने "उंदरांबद्दल आकृतीवरून सांगता येत नाही" असं लिहिलं तर मी त्याला पूर्ण मार्क दिले असते.

ट्युशनवाली_मीनल

तुम्ही दिले असते, सर. तपासणाऱ्याकडे उत्तरसूची असते आणि गठ्ठा संपवायची घाई. मी तरी मुलांना तो धोका पत्करायला सांगणार नाही.

केदार_अलकापुरी

सर, उलट्या दिशेचं पटलं. पण मग दोन्हीकडे टोकं असलेला बाण का नाही काढत? एक टोक अन्नाचं, एक परिणामाचं.

जुना_प्राध्यापक

कारण दोन टोकांचा बाण वाचणारा "दोघं एकमेकांना खातात" असाच वाचतो. आणि तसं खरोखर घडतंही, म्हणून ती खूण मोकळी ठेवायला हवी. तळ्यात चतुराची अळी पाण्यात राहते आणि बेडकाची शेपटीवाली पिल्लं खाते. तोच चतुर पंख फुटून वर आला की मोठा बेडूक जीभ टाकून त्याला गट्ट करतो. चतुर → बेडूक आणि बेडूक → चतुर, दोन्ही खरे. तिथेही मी दोन वेगळे बाण काढीन, कारण दोन्ही घास वेगळ्या वयात आणि वेगळ्या जागी होतात.

कारेलीबागचा_बंटी

काका, आता मला सांगाच. ऑगस्ट २०२४ च्या पुरात विश्वामित्रीचं पाणी शहरात घुसलं तेव्हा आमच्या बाजूच्या सोसायटीत मगर आली होती, अख्ख्या गल्लीने गच्चीवरून बघितली. चुलतभाऊ म्हणतो मगर जाळ्याच्या टोकाला, तिच्यातून बाण निघणारच नाही. बरोबर का?

जुना_प्राध्यापक

मोठ्या मगरीबद्दल बऱ्यापैकी बरोबर. मासे, पाणपक्षी, काठावर आलेलं कुत्रं, वाहत आलेलं मढं, या सगळ्यांचे बाण तिच्यात शिरतात. पण विश्वामित्रीच्या काठावर मगर उन्हाळ्यात मातीत अंडी घालते, आणि घोरपड ती उकरून खाते. मगरीचं अंडं → घोरपड. नुकतं निघालेलं पिल्लू वीतभर असतं, ते किडे आणि बेडकाची पिल्लं खातं आणि बगळ्याच्या चोचीत जातं. तेव्हा "मगर" अशी एक चौकट काढलीत तर चुलतभाऊ खोटा ठरतो. अंडं, पिल्लू आणि मोठी मगर अशा तीन चौकटी काढल्यात तर तिसरीपुरता खरा ठरतो.

कारेलीबागचा_बंटी

तीन चौकटी काढल्या तर पिल्लाकडून मोठ्या मगरीकडेही बाण काढायचा का? पिल्लू मोठं होऊन तीच मगर होते ना.

जुना_प्राध्यापक

वाढण्याचा बाण या आकृतीत नसतो. पिल्लू मोठ्या मगरीच्या पोटात गेलं तरच बाण. मोठ्या मगरी कधी कधी लहानांना खातात, त्यामुळे तो बाण निघेलही, पण कारण वेगळं.

श्वेता_मांजलपूर

लेकीने आता घुबड आणि चिचुंद्री घालून नवी आकृती काढली. झुरळ कशातून आणायचं यावर अडलीय. झुरळ गवत खात नाही, मग त्याच्यात बाण कुठून शिरणार? सरांच्या खुणेप्रमाणे ज्याच्यात बाण शिरत नाही तिथे वनस्पतीच हवी.

वाडीतला_घुबडवेडा

आमच्या वाड्यात तरी उष्ट्या पोळीचे तुकडे आणि सांडलेलं पीठ. म्हणजे गहू → झुरळ.

केदार_अलकापुरी

आणि गटारातलं झुरळ कुजलेलं खातं, तिथे "कुजलेली पानं" किंवा "घाण" ही चौकट. ती वनस्पती नाही, तरी तिच्यात प्राण्याकडून बाण शिरत नाही. सर, तुमच्या खुणेला अपवाद निघाला की!

जुना_प्राध्यापक

निघाला नाही. कुजलेली पानं गवतातून आणि झाडातूनच येतात. त्या चौकटीत झाडाकडून बाण काढा, म्हणजे टोकाला पुन्हा झाडच. तुमची "घाण" म्हणजे नक्की कशाकशाची, तेवढं ठरवून घ्या. प्राण्यांची विष्ठा धरलीत तर तिच्यातही प्राण्यांकडून बाण शिरतील आणि आकृती भलतीच भरेल.

ट्युशनवाली_मीनल

घुबडवेडे, त्या गोळ्या मिळतील का? माझ्या मुलांना दाखवायच्या आहेत.

वाडीतला_घुबडवेडा

हो, सुकलेल्या जमवून ठेवल्यात. दोन-तीन दिवस कडक उन्हात टाकून मग देतो. मुलांना हातमोजे घालायला सांगा, नंतर साबणाने हात धुवायचेच. पांढरा कागद अंथरा, नाहीतर चिचुंद्रीचे बारीक दात केसांबरोबर वाहून जातात. आणि घरटं असलेल्या माळ्यावर कोणाला नेऊ नका, सध्या वर पिल्लं आहेत.